जाहिरातीचं चित्र कम्प्युटरवर छान दिसतं, फोनवर मात्र काहीच कळत नाही

दिवेलागण | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी आणि माझा भाऊ अभ्यासासाठीचे टेबल लॅम्प बनवतो आणि ऑनलाइन विकतो. जाहिरातींची चित्रं मीच करते. कुठे शिकलेली नाही, बघून बघून हात बसलाय. गेल्या आठवड्यात इन्स्टाग्रामच्या स्टोरी आणि रील्ससाठी एक उभं चित्र केलं, १०८० बाय १९२० पिक्सेलचं. कम्प्युटरवर ते मला मनापासून आवडलं होतं. काल तीच जाहिरात माझ्या फोनवर समोर आली आणि मी तिच्यावरून बोट फिरवून पुढे गेले. आपलीच जाहिरात होती हे नंतर लक्षात आलं.

चित्र इथे चढत नाहीये, म्हणून शब्दांत सांगते. खिडकीजवळचं टेबल, दुपारचा उजेड. टेबलावर आमचा दिवा, उघडं पुस्तक, एक कुंडी आणि कप. सगळ्यात वर मधोमध लोगो. दिव्याशेजारी नारिंगी गोल, त्यात पांढऱ्या अक्षरांत ‘नवीन’. चित्राच्या खालच्या भागात मथळा: ‘तुमच्या अभ्यासाला द्या योग्य प्रकाशाची साथ’, पांढऱ्या अक्षरांत, ४४ पिक्सेल. त्याखाली २८ पिक्सेलमध्ये चार वैशिष्ट्यं: उजेडाच्या तीन छटा, वळणारी मान, यूएसबी चार्जिंग, स्पर्शाने चालू-बंद. मग ‘आत्ताच मागवा’ असं बटण काढलंय आणि अगदी तळाशी वेबसाइट आणि फोन नंबर.

अक्षरं मोठी करून भागेल, की मुळातच काही चुकतंय?

---

भडकरंग | सोमवार, रात्री १०:०५

ताई, रंग फिके पडतायत. दुपारचा उजेड आणि पांढरी अक्षरं, दिसणार कशी? मजकुरामागे हिरवी पट्टी घ्या आणि वर लाल अक्षरं. रंगचक्रात लाल आणि हिरवा समोरासमोर येतात, म्हणजे काँट्रास्ट जास्तीत जास्त. आणि मजकूर २० टक्क्यांच्या आत आणा. त्यापेक्षा जास्त झाला की फेसबुक जाहिरात दाबून टाकतं, लोकांपर्यंत पोचतच नाही.

---

छापखाना | सोमवार, रात्री १०:३०

माझी हयात छपाईत गेली, त्यामुळे तिथला नियम सांगतो. चित्र चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं घ्यायचं आणि महत्त्वाचा मजकूर कडेपासून किमान ५ मिलिमीटर आत ठेवायचा. कापताना सुरी थोडी इकडे-तिकडे झाली तरी काही बिघडत नाही. तुमचा फोन नंबर अगदी तळाशी आहे, तो कापला जात असणार. थोडा वर घ्या, काम होईल.

---

कोरीजागा | सोमवार, रात्री ११:५०

छापखाना काका, कडेपासून आत राहायचं हे बरोबरच आहे, पण इथे कारण वेगळं असल्यामुळे माप पार बदलतं. फोनवर चित्र कापलं जात नाही, त्याच्यावर दुसऱ्या गोष्टी येऊन बसतात. स्टोरीत वर खात्याचं नाव आणि गोल फोटो, खाली ॲपचं स्वतःचं बटण. रील्समध्ये तर खाली खात्याचं नाव आणि मजकुराच्या ओळी असतात आणि उजव्या कडेला लाइक, कमेंट, शेअरच्या खुणा. हे सगळं तुमच्या चित्राच्या अंगावर येतं. म्हणून ५ मिलिमीटर आत सरकून काहीच साधत नाही.

दिवेलागण, तुमचंच चित्र धरून हिशोब करू. स्टोरीसाठी मेटा सांगतं की वरची सुमारे १४ टक्के आणि खालची सुमारे २० टक्के जागा मजकूर आणि लोगोपासून मोकळी ठेवा. रील्ससाठी वर १४, खाली ३५ आणि दोन्ही बाजूंना ६ टक्के. एकच चित्र दोन्हीकडे जाणार असेल तर कडक माप धरायचं, म्हणजे रील्सचं. १९२० चे १४ टक्के म्हणजे जवळपास २७० पिक्सेल. ३५ टक्के म्हणजे ६७२. १०८० चे ६ टक्के म्हणजे ६५. वजाबाकी करा. उरतो ९५० रुंद आणि ९७८ उंच असा तुकडा, म्हणजे जवळजवळ चौरस.

हे एकदा डोक्यात बसलं की चित्राकडे बघण्याची पद्धतच बदलते. तुम्ही उभ्या कागदावर रचना करताय असं वाटतं, पण प्रत्यक्षात तुमच्या हातात एक चौरस आहे आणि त्याच्या वर-खाली नुसती पार्श्वभूमी. हा चौरस वरून २७० वर सुरू होतो आणि १२४८ वर संपतो. तुमचा मथळा ‘खालच्या भागात’ आहे म्हणताय, म्हणजे बहुतेक १३०० च्या पुढे. तसं असेल तर रील्समध्ये मथळा, चारही वैशिष्ट्यं, बटण, वेबसाइट, नंबर, सगळंच झाकलं गेलं. लोगो वरच्या पट्ट्यात गेला. लोकांना काय दिसलं? खिडकी, टेबल आणि नारिंगी गोल.

तपासायला सोपं आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये वरचा एक लेयर घ्या, त्यावर वर २७० आणि खाली ६७२ उंचीच्या लाल अर्धपारदर्शक पट्ट्या आखा, बाजूंना ६५ च्या. तो लेयर कायम ठेवा, निर्यात करताना तेवढा बंद करा. आणि जाहिरात सुरू करण्याआधी प्रत्येक जागेचा प्रिव्ह्यू उघडून बघाच, कारण ही मापं ॲपची मांडणी बदलली की बदलतात. पट्ट्या आखणं ही सवय, खरी परीक्षा प्रिव्ह्यूतच.

---

दिवेलागण | मंगळवार, सकाळी ७:१५

मथळा १३१० वर सुरू होतो. आत्ता पट्ट्या आखून बघितल्या. ‘नवीन’ सोडून एकही अक्षर उरलं नाही. दिव्याचा तळसुद्धा झाकला जातोय.

---

अनुस्वार | मंगळवार, सकाळी ८:४०

अक्षरांच्या मापाबद्दल. १०८० रुंदीचं चित्र फोनवर साधारण ३६० एककांच्या रुंदीत बसतं, म्हणजे सगळं तिपटीने लहान होतं. तुमची ४४ ची अक्षरं फोनवर १५ च्या आसपास, २८ ची तर ९ च. ॲपमधला साधा मजकूर १४ ते १६ असतो, आणि तो वाचायचाच म्हणून थांबलेला माणूस वाचतो. जाहिरातीसमोर कोणी थांबलेलं नसतं. मी चित्रात ४८ च्या खाली काहीच ठेवत नाही आणि मथळा ८० ते १००.

दुसरं म्हणजे देवनागरीला वर-खाली जागा लागते. बहुतेक सॉफ्टवेअर ओळींमधलं अंतर रोमन लिपीच्या हिशोबाने धरतं. मग वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत किंवा रफारात अडकतो. अक्षराच्या मापाच्या १.४ पट तरी ओळीचं अंतर ठेवा. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटून शब्द सुटा सुटा दिसतो. अक्षरांना बाहेरून कड काढायचाही मोह होतो. पुष्कळ फाँटमध्ये काना, मात्रा आणि अक्षर एकमेकांवर चढलेले असतात, कड काढली की ते सांधे उघडे पडतात. आणि फार जाड फाँट घेतला तर ‘ष’, ‘क्ष’ यांच्या पोटातली जागा बुजते, अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटतो. मध्यम ठळक पुरतो.

---

कोरीजागा | मंगळवार, सकाळी ९:३०

अनुस्वार, ओळींच्या अंतराचं सांगितलंत हे फार बरं केलंत. तयार टेम्प्लेट वापरणारे सगळेच तिथे अडकतात.

आता भडकरंग यांच्या दोन मुद्द्यांकडे. २० टक्क्यांचा नियम खरोखर होता. चित्रावर २५ चौकटींची जाळी टाकायचे आणि मजकूर पाचपेक्षा जास्त चौकटींत गेला तर जाहिरात नाकारायचे. पुढे नाकारणं बंद करून पोच कमी करायला लागले. २०२० मध्ये तेही काढून टाकलं. कमी मजकूर ठेवा असा सल्ला आजही देतात, पण त्या कारणासाठी कोणी जाहिरात अडवत नाही. त्यामुळे टक्के मोजू नका. पाच चौकटींच्या आत बसवलेली बारीक अक्षरांची चाळीस शब्दांची जाहिरात मी पाहिली आहे. नियमाला पास, वाचायला अशक्य.

लाल-हिरव्याचं मात्र मला ठामपणे नाही म्हणायचं आहे. रंग एकमेकांपासून लांब असणं वेगळं आणि त्यांच्या उजळपणात फरक असणं वेगळं. अक्षर वाचताना डोळ्याला उजळपणातला फरक लागतो. वेब सुलभतेच्या निकषांत हा फरक १ ते २१ अशा गुणोत्तरात मोजतात. काळ्यावर पांढरं २१, साध्या मजकुराला किमान ४.५, मोठ्या अक्षरांना किमान ३. आता शुद्ध लाल `#FF0000` आणि गडद हिरवा `#008000` घ्या. गुणोत्तर येतं १.२८. म्हणजे उजळपणाने ते दोन रंग जवळपास एकच आहेत. चित्र ग्रेस्केल करून बघा, पट्टी आणि अक्षरं एकमेकांत विरघळतील. लाल-हिरव्यात फरक न कळणाऱ्या माणसाला ते रंगीत चित्रातही जवळपास तसंच दिसतं.

तुमच्या नारिंगी गोलाचंही तेच. `#FFA500` च्या जवळचा नारिंगी असेल तर त्यावर पांढरी अक्षरं १.९७ वर येतात. त्याच गोलात काळी अक्षरं टाकली तर १०.६. नारिंगी आणि पिवळा हे डोळ्यात भरणारे रंग असल्यामुळे आपण त्यांना गडद समजतो, ते उजळ आहेत.

---

भडकरंग | मंगळवार, सकाळी १०:१०

ग्रेस्केल करून पाहिलं. माझ्या स्वतःच्या चार जुन्या चित्रांतली दोन सपाट झाली. उजळपणाचं मान्य. पण भडक रंगामुळे बोट थांबतं हे मी अनुभवाने सांगतो. राखाडी चित्राला कोण थांबणार?

---

कोरीजागा | मंगळवार, सकाळी १०:४५

थांबवायला रंग हवाच, तुमचं त्यात काही चूक नाही. तो एकाच जागी असावा आणि अक्षरांची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये, एवढंच माझं म्हणणं. लाल अक्षरांना आणखी एक त्रास आहे. चित्र चढवताना ॲप ते पुन्हा दाबतं. जेपेगमध्ये बहुतेक वेळा रंगाची माहिती उजळपणाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते. काळ्या-पांढऱ्या अक्षराची कड त्यामुळे टिकते, पण गडद निळ्यावरच्या लाल अक्षराची कड पसरते. मूळ फाइलमध्ये दिसत नाही, फोनवर अक्षर धुरकट दिसतं आणि कारण सापडत नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:२०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. मी ॲपच्या तळाशी येणारी ३२० बाय ५० ची पट्टी करतोय. त्यात फोटो, लोगो, मथळा आणि बटण बसवायचंय असं मालकाचं म्हणणं आहे. सेफ झोनची मोकळी जागा किती सोडू?

---

कोरीजागा | मंगळवार, दुपारी २:००

रात्रपाळी, त्या पट्टीवर स्टोरीसारखं काही येऊन बसत नाही, त्यामुळे तो प्रश्न तिथे नाही. उंचीच ५० आहे. देवनागरी ओळ वर-खालच्या मात्रांसकट नीट बसायला त्यातले तीसेक लागतात, म्हणजे एकच ओळ. फोटो काढा. डावीकडे लोगोची खूण, मधे तीन-चार शब्द, उजवीकडे बटण. मालकांना फोटो हवाच असेल तर ३०० बाय २५० चा आकार मागा, तिथे जागा आहे.

---

दिवेलागण | मंगळवार, रात्री ९:१०

आज बसून सगळं पुन्हा केलं. मजकूर चौरसात आणायचा म्हटल्यावर तो मावेनाच. ९५० रुंदीत ४८ च्या मापाने चार वैशिष्ट्यं आणि ९० चा मथळा लिहिला तर दिव्याला जागाच नाही. काय काढू? भावाला वाटतं वैशिष्ट्यं हीच आमची ताकद आहे. लोगो काढायचा तर ओळख राहत नाही. नंबर नसेल तर लोक फोन कसा करणार?

---

कोरीजागा | मंगळवार, रात्री १०:००

चित्राच्या बाहेर जे आधीच लिहिलेलं आहे ते आधी काढा. वर तुमच्या खात्याचं नाव आणि लोगो ॲप स्वतःच दाखवतं. खाली बटण ॲपचंच आहे, आणि दाबता येतं ते तेवढंच. तुम्ही काढलेल्या बटणावर कोणी बोट ठेवलं आणि काही झालं नाही तर तो माणूस गेला. चित्रातला फोन नंबर दाबता येत नाही, पाठ करून कोणी डायल करत नाही. वेबसाइटचा पत्ता बटणातच आहे. म्हणजे सहांतल्या चार गोष्टी अशाच गेल्या, काही न गमावता.

उरली चार वैशिष्ट्यं आणि मथळा. तुमचा आत्ताचा मथळा वाचून दिव्याबद्दल काहीच कळत नाही. ‘योग्य प्रकाशाची साथ’ कुठल्याही दिव्याला लावता येईल. चारांपैकी यूएसबी आणि स्पर्शाचं बटण आज पुष्कळ दिव्यांना असतं. तुमच्या दिव्यात असं काय आहे जे हातात घेतल्यावर माणूस म्हणतो, अरे वा?

---

दिवेलागण | मंगळवार, रात्री १०:२५

टोपी. आम्ही टोपीची कड खोल ठेवली आहे, त्यामुळे बसलेल्या माणसाला बल्ब दिसत नाही, उजेड सगळा पुस्तकावर पडतो. ते करायला आम्हाला सहा महिने लागले. ते जाहिरातीत कुठेच नाही हे आत्ता लिहिताना कळलं.

---

अनुस्वार | मंगळवार, रात्री १०:४०

मग लिहा ना: ‘पानावर उजेड, डोळ्यांवर नाही’. चार शब्द, दोन ओळी, जोडाक्षर एकच.

---

छापखाना | मंगळवार, रात्री ११:००

ही ओळ उत्तम. ती चारही वैशिष्ट्यं चित्राबाहेरच्या मजकुरात लिहा. आणि मुली, फोटो बदल. आम्ही छपाईत म्हणायचो, खिडकीचा फोटो काढलास की खिडकीच विकली जाते.

---

कोरीजागा | बुधवार, सकाळी ९:१५

काकांनी माझा पुढचा मुद्दाच सांगितला. दिवेलागण, एक करून बघा. जुनं चित्र १०० पिक्सेल रुंदीचं करा आणि हात लांब करून फोन धरा. किंवा चित्रावर इतकं ब्लर टाका की एकही अक्षर वाचता येऊ नये. मग पहिल्यांदा नजर कुठे जाते ते प्रामाणिकपणे लिहून काढा. घरातल्या दुसऱ्या कोणाला विचारलंत तर आणखी चांगलं, कारण तुम्हाला दिवा कुठे आहे ते माहीत आहे.

---

दिवेलागण | बुधवार, दुपारी १२:३०

आईला दाखवलं. ती म्हणाली, ‘खिडकी आणि एक संत्रं.’ दिवा तिला दिसलाच नाही. पांढरा दिवा, मागे फिकी भिंत.

---

कोरीजागा | बुधवार, दुपारी १:१०

आईंचं उत्तर कुठल्याही तज्ज्ञाच्या तोडीचं आहे. आजूबाजूपेक्षा उजळपणात सगळ्यात वेगळा जो तुकडा असतो तिकडे नजर आधी जाते. तुमच्या फोटोत तो तुकडा खिडकी होती, दुसरा नारिंगी गोल. पांढरा दिवा फिक्या भिंतीवर, म्हणजे तो शर्यतीतच नव्हता. कुंडी आणि कप वाईट नाहीत, पण दिव्याएवढेच मोठे आणि तेवढ्याच स्पष्टतेत आहेत.

दिवा विकताय, तर प्रकाश तुमच्या हातात आहे. पडदे लावा, खोली अंधारी करा, दिवा पेटवा. टोपीखालचं उजळ पान हेच चित्राचं एकमेव ठिकाण. टोपीची कड स्पष्ट दिसू द्या, बल्ब दिसू देऊ नका, कारण तीच तुमची गोष्ट आहे. नारिंगी गोल काढा. ‘नवीन’ हे तुमच्यासाठी नवीन आहे, बघणाऱ्याला सगळंच नवीन असतं.

---

भडकरंग | बुधवार, दुपारी २:४०

इथे माझं मत वेगळं आहे. माणसाचा चेहरा घ्या. वाचणारी मुलगी, चेहऱ्यावर हलका उजेड. चेहरा असला की लोक थांबतात. नुसतं पान आणि टोपी हे फार कोरडं होईल.

---

कोरीजागा | बुधवार, दुपारी ३:१५

चेहरा नजर ओढून घेतो हे खरं. पण मग केंद्र चेहराच होतो आणि दिवा पुन्हा कडेला. मुलगी पानाकडे बघत असेल तर तिच्या नजरेमागून आपली नजर पानावर जाऊ शकते, तसा फोटो जमला तर मी विरोध करणार नाही. मी सुरुवात चेहऱ्याशिवाय करेन, कारण टोपीची कड दाखवायला जवळून फोटो लागतो आणि त्या चौकटीत चेहरा मावत नाही.

---

दिवेलागण | बुधवार, रात्री ११:३०

नवा फोटो काढला! दिवा चौरसाच्या खालच्या अर्ध्या भागात, टोपी आणि जवळजवळ सगळं पान १२४८ च्या वर. मथळा दिव्याच्या वरच्या भिंतीवर, ९६ मापाचा, दोन ओळी, ओळींचं अंतर १४०. बाकी मजकूर काही नाही. ब्लर करून आईला दाखवलं. ‘पुस्तक चमकतंय’ म्हणाली.

पण दुसऱ्या ओळीतलं ‘नाही’ नीट दिसत नाही. बाकीचे तीन शब्द मस्त दिसतात. भिंत गडद आहे, काँट्रास्ट मोजला तर १४ येतोय. मग हे का?

---

कोरीजागा | गुरुवार, सकाळी ८:५०

१४ तुम्ही कुठे मोजलात? बहुतेक डावीकडच्या गडद भिंतीवर. टोपीतून थोडा उजेड वर भिंतीवर पडत असणार, आणि ‘नाही’ त्या उजेडावर आलं असणार. रंग उचलायचं साधन घेऊन त्या शब्दामागचा सगळ्यात उजळ ठिपका पकडा.

---

दिवेलागण | गुरुवार, सकाळी ९:२०

अगदी तसंच. तिथे भिंत `#E0C080` आहे.

---

कोरीजागा | गुरुवार, सकाळी ९:४०

त्यावर पांढरं म्हणजे १.७५. फोटोवर अक्षरं असतील तर नेहमी सगळ्यात वाईट जागी मोजायचं, सरासरी जागी नाही.

दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे मथळा डावीकडे सरकवून उजेडाच्या बाहेर नेणं. जमत असेल तर हाच करा, फोटो जसाच्या तसा राहतो. दुसरा म्हणजे मथळ्यामागे काळी अर्धपारदर्शक छटा, वरून गडद आणि खाली विरत जाणारी. ही छटा बहुतेक लोक फार पातळ टाकतात, म्हणून आकडे सांगतो. फोटोत पूर्ण पांढरी जागा असेल आणि वर ४० टक्के काळा टाकला तर ती `#999999` होते, त्यावर पांढरी अक्षरं २.८५. ५० टक्क्यांना ४ च्या जवळ. ५५ टक्क्यांना ४.५ च्या पुढे. म्हणजे फोटो कसाही असला तरी अक्षर वाचलं जाईल अशी खात्री हवी असेल तर अक्षरांमागे ५५ टक्के. तुमची भिंत पांढरी नाही, मथळा मोठा आहे, कमीत भागेल. पण छटा टाकली की भिंतीवरचा तो छान उजेड मरतो, आणि दिव्याच्या जाहिरातीत मला तो मारवणार नाही.

---

दिवेलागण | गुरुवार, दुपारी १२:१५

मथळा डावीकडे घेतला, कडेपासून ७५ वर. ‘नाही’ सुटलं. छटा टाकली नाही.

---

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी १२:५०

एक शंका. मी रात्री काम करतो, दिवसा प्रवासात फोन बघतो. उन्हात गडद चित्रं मला दिसतच नाहीत, माझाच चेहरा दिसतो स्क्रीनमध्ये. हे चित्र तर अंधारं आहे.

---

कोरीजागा | गुरुवार, दुपारी १:३०

रास्त शंका आहे आणि माझ्याकडे तिचं पूर्ण उत्तर नाही. बाहेरचा उजेड काचेवरून परततो आणि चित्राच्या काळ्या भागात मिसळतो. पांढऱ्याला त्याने विशेष फरक पडत नाही, काळा राखाडी होतो. त्यामुळे कागदावरचं १४ उन्हात १४ राहत नाही. पांढरी मोठी अक्षरं तग धरतात, गडद भागातले बारकावे जातात. दुसरीकडे, फिकं चित्र रात्री गडद थीममध्ये डोळ्यावर येतं आणि उजळ थीमच्या फीडमध्ये पानाच्या पांढऱ्यात मिसळून जातं. मी दोन्ही करून ठेवेन.

---

दिवेलागण | शुक्रवार, संध्याकाळी ६:४०

दुपारी गच्चीत दोन्ही चित्रं फोनवर घेऊन उभी राहिले. दुसरं चित्र त्याच चौकटीचं, पण भिंत मध्यम राखाडी आणि अक्षरं काळी. गडद चित्रात मथळा वाचता आला, पान चमकलं, पण टोपीची कड अजिबात दिसली नाही. राखाडी चित्रात टोपी स्पष्ट, मथळा स्पष्ट, पण दिवा पेटलाय की नाही ते कळेना.

गडद चित्राच्या टोपीच्या कडेवर मागून हलका उजेड टाकून उद्या पुन्हा फोटो काढणार आहे. भाऊ पुठ्ठा धरायला तयार आहे. तोपर्यंत दोन्ही चित्रं चालू ठेवली आहेत, प्रत्येक जागेचा प्रिव्ह्यू बघून. स्टोरीत सगळं मोकळं दिसलं. रील्समध्ये पानाचा खालचा कोपरा खात्याच्या नावाखाली जातोय, तो जाऊ दिला.

---

छापखाना | शुक्रवार, संध्याकाळी ७:०५

पुठ्ठा पांढरा घे, चकचकीत नको. चकचकीत पुठ्ठ्याचा उजेड ठिपक्यासारखा पडतो, कडेवर सरळ रेघ मिळणार नाही.